जुन्या क्लायंटकडे लिंक्डइन रेकमेंडेशन मागताय? मग या चुका टाळा

क्लायंट "हो हो, टाकतो की" म्हणतो आणि मग महिना उलटला तरी प्रोफाइलवर काही येत नाही. ठाणे-नवी मुंबईत फ्रीलान्स करणाऱ्या कुणालाही विचारा, डिझायनर असो, वेबसाइटवाला असो नाहीतर दोन-तीन कंपन्यांचे अकाउंट्स बघणारी असो, सगळ्यांची हीच रड. मग आपण मनाशी ठरवूनच टाकतो की कामापुरते गोड बोलतात सगळे. बहुतेक वेळा तसं नसतं हो. मी स्वतः मागते पण, आणि माझ्यासाठी काम केलेली मुलं माझ्याकडे मागतात पण, त्यामुळे दोन्हीकडची बाजू माहितीये. क्लायंटला द्यायचं असतं, त्याला ते देणं आपण अवघड करून ठेवलेलं असतं.

त्याच्या बाजूने बघा काय होतं. रिक्वेस्ट उघडली की समोर एक रिकामा बॉक्स येतो, 3000 अक्षरांपर्यंत मावतील एवढा. आता त्याने आठवायचं की ही बाई कुठल्या प्रोजेक्टवर होती, कधी होती, तिने नक्की काय केलं होतं, मग ते बऱ्या इंग्रजीत मांडायचं, आणि हे सगळं स्वतःच्या नावाने आणि फोटोसकट, कारण रेकमेंडेशन तुमच्या प्रोफाइलवर दिसतं तसं त्याच्या प्रोफाइलवर पण "दिलेली" म्हणून दिसतं, त्याचा बॉस पण बघू शकतो. दुपारी चारला डिस्पॅचची बोंब चालू असताना कोण करेल हे? तो म्हणतो रविवारी निवांत लिहू. रविवार काही येत नाही.

म्हणजे आठवणं, शब्द शोधणं, बॉक्स सापडणं आणि "माझ्यावर काही येणार नाही ना" ही धाकधूक, एवढी चार ओझी आपण उचलायची. बाकीचं तो करतो.

एक केस घेऊ. ऐरोलीची एक मैत्रीण आहे, इंडस्ट्रियल कॅटलॉग डिझाइन करते. रबाळे एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचं काम तिने 2022 मध्ये केलं होतं, तिथले मार्केटिंगचे साहेब तिच्या कामावर खूश होते, आता ते महापेला दुसऱ्या कंपनीत आहेत. तिने काय केलं तर लिंक्डइनवर त्यांच्या प्रोफाइलवर जाऊन More मधलं "Request a recommendation" दाबलं, आयता जो मेसेज येतो तो तसाच ठेवला, आणि सेंड. तीन आठवडे शुकशुकाट. नंतर साहेबांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांचं लिंक्डइन अकाउंट जुन्या कंपनीच्या ईमेलवर होतं, तो मेल कंपनी सोडल्यावर बंद झाला, आणि अॅप फोनमध्ये नव्हतंच. रिक्वेस्ट आली हेच त्यांना माहीत नव्हतं आणि ही इकडे रुसून बसलेली.

थेट लिंक्डइनवरून रिक्वेस्ट फेकणं

ही सगळ्यात कॉमन चूक. आपल्याकडच्या कारखान्यातली, सीए ऑफिसातली, क्लिनिक चालवणारी मंडळी लिंक्डइन उघडतात कधीतरी, नोकरी बदलायची असली की. आधी ज्या ठिकाणी तुमचं बोलणं व्हायचं तिथेच विचारा, म्हणजे व्हॉट्सअॅप किंवा फोन, आणि ज्याच्याशी फक्त मेलवर संबंध होता त्याला मेल. हो आलं की मगच रिक्वेस्ट पाठवायची, आणि पाठवली की लगेच व्हॉट्सअॅपवर सांगायचं की आत्ताच पाठवली, नोटिफिकेशनमध्ये किंवा लिंक्डइनच्या मेसेजमध्ये दिसेल. हो म्हटल्यापासून रिक्वेस्ट जाईपर्यंत दोन दिवस गेले की गरमागरम होकार गार होतो.

रिक्वेस्ट पाठवताना नाव शोधलं आणि येतच नाहीये, असं झालं तर घाबरू नका, तो माणूस तुमच्या कनेक्शनमध्ये नाही एवढाच अर्थ. लिंक्डइनवर रेकमेंडेशन फक्त थेट जोडलेल्या माणसालाच मागता येतं. एकत्र काम केलं, शंभर मेल झाले, पण कनेक्ट कधी केलंच नाही हे खूप जणांचं असतं. मग आधी कनेक्शन, ते स्वीकारलं गेलं की मग रिक्वेस्ट. आणि कधीकधी एकाच माणसाची दोन प्रोफाइल असतात, एक कॉलेजच्या काळातलं आणि एक चालू, तेव्हा "सर, तुम्ही कुठलं वापरता" हे विचारून घ्या, मेलेल्या प्रोफाइलला रिक्वेस्ट पाठवून काय उपयोग.

"काहीही लिहा सर, तुम्हाला योग्य वाटेल ते"

आपल्याला वाटतं आपण नम्रपणे बोलतोय, पण यात सगळं काम समोरच्यावर ढकललंय. आणि मग जे येतं ते काय असतं, "मेहनती आहे, वेळेवर काम देते, शुभेच्छा." हे इव्हेंटवाल्याला पण चालेल आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला पण. वाचणाऱ्याला त्यातून तुमचं काम काही कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीचं काम क्लायंटला तुकड्यातुकड्यात आठवतं, तुम्हाला ते पाठ असतं कारण तुम्ही रात्री जागलाय. तर ती आठवण तुम्ही द्या. काम काय होतं, अडचण कुठे होती, शेवटी काय झालं, बस. आणि आत्ता तुम्हाला हे कशासाठी हवंय ते एका ओळीत सांगा, कारण त्याच्यावरून तो ठरवतो की कुठल्या गोष्टीवर बोलायचं. त्या मैत्रिणीने दुसऱ्यांदा जो मेसेज व्हॉट्सअॅपवर टाकला तो साधारण असा होता:

"नमस्कार सर, मी व्हॉल्व्हच्या कॅटलॉगवाली, ऐरोलीहून. नवीन कंपनीत रुळलात का? सर एक छोटं काम होतं. मला आता मॅन्युफॅक्चरिंगमधलीच कॅटलॉगची कामं घ्यायची आहेत, त्यासाठी लिंक्डइनवर तुमच्याकडून तीन-चार ओळींचं रेकमेंडेशन मिळालं तर खूप उपयोग होईल. तुम्हाला आठवत बसायला नको म्हणून लिहिते, 2022 ला आपण जुन्या तीन पीडीएफचा मिळून 64 पानांचा एकच कॅटलॉग केला होता, साइझच्या टेबलमध्ये चुका होत्या त्या ड्रॉइंगशी ताडून काढल्या होत्या, आणि एक्झिबिशनच्या आधी प्रिंट हातात आली होती. यातलं तुम्हाला जे खरंच जाणवलं असेल तेवढंच लिहा. आणि सध्या जमत नसेल किंवा कंपनीच्या नियमात बसत नसेल तर बिनधास्त नाही म्हणा सर, मी काही वाटून घेणार नाही. हो असेल तर लिंक्डइनवरून रिक्वेस्ट पाठवते, ती उघडली की लिहायची जागा समोरच येते."

जरा लांब वाटेल, पण वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि साहेबांची पंधरा मिनिटं वाचतात. "तीन-चार ओळी" हे शब्द फार महत्त्वाचे, कारण लोकांना वाटतं रेकमेंडेशन म्हणजे निबंध. आणि सुरुवातीला आपण कोण ते सांगितलंय, नुसतं "हाय सर, कसे आहात" टाकून उत्तराची वाट बघत बसली नाही. ते "हाय" टाकून थांबणं तर बंदच करा, समोरच्याला वाटतं आता इन्शुरन्स विकणार.

पूर्ण तयार मजकूर पाठवून "फक्त पेस्ट करा" म्हणणं

यावर लोकांची मतं वेगळी आहेत, काही जण म्हणतात क्लायंटला सगळ्यात सोपं हेच. मला पटत नाही. एक तर चार क्लायंटना चार मजकूर तुम्हीच लिहिलेत तर चारही तुमच्याच आवाजात येतात, तेच शब्द, तीच वाक्यं, आणि प्रोफाइल नीट बघणाऱ्याला ते लगेच कळतं. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतःला "अप्रतिम" लिहिलेलं त्या माणसाला स्वतःच्या नावाने टाकायला संकोच वाटतो, आणि संकोच वाटला की तो नाही पण म्हणत नाही आणि टाकत पण नाही. मुद्दे पाठवा, वाक्यं त्याची येऊ देत. त्याने स्वतःहून "तूच लिहून पाठव, मी बघतो" म्हटलं तर पाठवा जरूर, पण विशेषणं गाळून, नुसत्या घडलेल्या गोष्टी, आणि सोबत "यात पाहिजे ते बदला" असं.

आता आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. वागळे इस्टेटमधले छोट्या युनिटचे मालक घ्या, धंद्यात हुशार, बोलायला लागले की तुमचं इतकं कौतुक करतील की तुम्हीच लाजाल, पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की गप्प. आणि ते "मला इंग्रजी लिहायला नको वाटतं" असं सांगत नाहीत, "बिझी आहे गं जरा" असं सांगतात. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत की परत तेच. असं दोनदा झालं की ओळखायचं की अडचण वेळेची नाहीये.

तिथे व्हॉइस नोट मागा. "काका, लिहू नका, एक मिनिट बोला फक्त" म्हणायचं आणि दोन-तीन प्रश्न द्यायचे, माझ्याआधी कुठे अडत होतं, मी केलेल्यातलं कशाचा उपयोग झाला, तुमच्या ओळखीच्या कारखानदाराला माझ्याबद्दल काय सांगाल. ते बोलतात, आणि काय सुंदर बोलतात. ते तुम्ही उतरवून काढा, इकडचं तिकडचं गाळा, पण शब्द त्यांचेच ठेवा, आणि परत पाठवा, "काका हे तुम्ही बोललात तेच आहे, वाचून बघा". त्यांनी ठीक म्हटलं की ते स्वतः पेस्ट करतील. आणि हे इंग्रजीतच पाहिजे असं कोण म्हणतं, लिंक्डइनवर देवनागरीत लिहिता येतं. तुमची पुढची गिऱ्हाइकं ठाणे-भिवंडी-तळोजा पट्ट्यातलीच असतील तर मराठी रेकमेंडेशन उलट जास्त खरं वाटतं. बंगळुरूच्या किंवा बाहेरच्या कंपन्या पकडायच्या असतील तर मात्र इंग्रजी करून घ्या, आणि ते पण त्यांना दाखवून.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. काका म्हणतील, "माझा पासवर्ड घे नाहीतर ओटीपी सांगतो, तूच टाक." प्रेमानेच म्हणतात. नको म्हणा. दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये शिरणं लिंक्डइनच्या नियमात बसत नाही, अकाउंट अडकू शकतं, आणि उद्या त्या अकाउंटवरून काही भलतंच गेलं तर पहिलं नाव तुमचं. त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावा किंवा ऑफिसात दहा मिनिटं जाऊन बसा, फोन त्यांच्या हातात, बोट त्यांचं.

रिक्वेस्टमधले दोन पर्याय घाईत भरणं

रिक्वेस्ट पाठवताना लिंक्डइन दोन गोष्टी विचारतं, त्या माणसाशी तुमचं नातं काय आणि त्या वेळी तुम्ही कुठल्या पदावर होतात. लोक जे वर दिसेल ते दाबून पुढे जातात. नात्यात "क्लायंट" वाला पर्याय आहे, तोच निवडा, आणि जरा नीट वाचून, कारण "ते माझे क्लायंट होते" आणि "मी त्यांची क्लायंट होते" असे दोन्ही असतात. उलटं झालं तर प्रोफाइलवर असं दिसतं की तुम्हीच त्यांच्याकडून काम करून घेतलंत.

पदाचं म्हणाल तर ती यादी तुमच्या एक्सपिरियन्समधून येते. तुम्ही फ्रीलान्सिंग तिथे टाकलंच नसेल तर यादीत फक्त जुन्या नोकऱ्या दिसतात, मग लोक त्यातलीच एक निवडतात आणि कॅटलॉगचं कौतुक जाऊन चिकटतं 2017 च्या बँकेतल्या नोकरीला. आधी एक्सपिरियन्समध्ये फ्रीलान्स कामाची एंट्री करा, तारखा बरोबर टाका, मग मागा.

याच्याच जवळची एक गोष्ट, जी क्लायंटने कंपनी बदलली असेल तर हमखास घडते. रेकमेंडेशनवर त्या माणसाच्या नावाखाली त्याची आत्ताची हेडलाइन दिसते, तेव्हाची नाही. म्हणजे आपल्या केसमध्ये साहेब महापेच्या नवीन कंपनीचे म्हणून दिसणार आणि बोलणार व्हॉल्व्हच्या कॅटलॉगबद्दल. वाचणारा म्हणेल ही कंपनी तर व्हॉल्व्ह बनवतच नाही. इलाज सोपा आहे, त्यांना एवढंच सुचवायचं की पहिल्या वाक्यात "मी आधीच्या कंपनीत मार्केटिंग बघत होतो तेव्हा" असं येऊ देत. कंपनीचं नाव घ्यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा.

नाही म्हणायला वाटच न ठेवणं

बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये व्हेंडरला लेखी शिफारस द्यायला परवानगी लागते, काही ठिकाणी देतच नाहीत. एनडीए सही केलेला असेल तर तुम्ही त्यांचं काम केलं हेच बाहेर सांगता येत नसेल कदाचित, तो कागद मागण्याआधी एकदा काढून वाचा. असा माणूस तुम्हाला स्पष्ट सांगत नाही, कारण वाईट वाटतं, तो नुसता टाळतो. तुम्ही मेसेजमध्येच "नियमात बसत नसेल तर सांगा" लिहिलंत की त्याला बोलायला सोपं जातं, आणि खूपदा तोच म्हणतो की "कंपनीचं नाव आणि आकडे नको, बाकी लिहितो". ते घ्या, उत्तम असतं ते.

पैशाचं पण इथेच सांगते. बिल थकलेलं असताना रेकमेंडेशन मागू नका, त्याला वाटतं ही गोड बोलून वसुली करतेय, आणि तुमचा तगादा पण बोथट होतो. "रेकमेंडेशन द्या, पुढच्या कामावर डिस्काउंट देते" तर मुळीच नको, मग ती विकत घेतलेली स्तुती झाली. आणि "मी तुम्हाला देते, तुम्ही मला द्या" हे पण जपून, दोघांच्या प्रोफाइलवर तारखा दिसतात, एकाच दिवशी अदलाबदल झालेली कुणाच्याही लक्षात येते.

वेळ बघून मागा हे सांगायला नको खरं तर, पण मार्चअखेरीला अकाउंट्सवाल्याला किंवा दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास, जीएसटीआर-3बी भरायच्या गडबडीत, मेसेज टाकणारे बघितलेत म्हणून लिहिलं.

आठवण करून देताना वैताग आणणं

होकार आला, रिक्वेस्ट गेली, आणि तरी आलं नाही, तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. "सर झालं का" असं नको, त्यात हिशेब मागितल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा ते कुठे अडलेत ते विचारा, "सर रिक्वेस्ट सापडली का, नसेल तर परत पाठवते, आणि लिहायला वेळ नसेल तर व्हॉइस नोट टाका, मी उतरवून देते." याला उत्तर येतंच साधारण, आणि उत्तरावरून कळतं की अॅप नाही, भाषा अडतेय की इच्छाच नाही. नंतर पण शांत असेल तर सोडून द्या, दुसऱ्या क्लायंटकडे वळा. तिसरी आठवण केलीत तर रेकमेंडेशन तर जातंच, पुढचं काम पण जातं.

जिथे नाहीच जमत तिथे छोटी मागणी करता येते. "सर, तुम्ही मेलमध्ये लिहिलं होतंत की कॅटलॉग वेळेत मिळाला, ती ओळ मी कोटेशनमध्ये वापरू का, नाव न घेता?" याला बहुतेक लोक हो म्हणतात. लिंक्डइनवर स्किल एंडोर्स करणं हा पण एक पर्याय आहे, एका क्लिकचं काम, पण त्याचं वजन तेवढंच.

आलं की न वाचता लावून टाकणं

रेकमेंडेशन आपोआप प्रोफाइलवर चढत नाही, आधी तुमच्याकडे येतं आणि तुम्ही मान्य केलं की दिसतं. त्या मधल्या वेळात नीट वाचा. मैत्रिणीला साहेबांनी छान लिहिलं होतं, साइझ टेबलमधल्या चुका तिने शोधून काढल्या, त्यामुळे चुकीच्या मापाच्या ऑर्डरी टळल्या असं, पण त्यात एका मोठ्या कस्टमरचं नाव आणि ऑर्डरची रक्कम पण होती. हे उद्या साहेबांनाच महागात पडलं असतं. तुम्हाला त्यांचा मजकूर स्वतः बदलता येत नाही, पण "Ask for revision" चा पर्याय असतो, त्यातून परत पाठवता येतं. तसं पाठवायच्या आधी व्हॉट्सअॅपवर सांगा, नाहीतर लिंक्डइनचा कोरडा मेसेज बघून वाटतं की हिला आवडलं नाही. तिने लिहिलं, "सर खूप छान लिहिलंय, फक्त कस्टमरचं नाव आणि रक्कम काढूया का, तुम्हाला त्रास नको." पाच मिनिटांत दुरुस्त होऊन आलं.

शुद्धलेखनाची एखादी चूक असेल तर राहू दे, त्यासाठी परत पाठवू नका. तुमचं नाव किंवा कामच चुकीचं असेल तरच सांगा.

आणि लावल्यावर त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवून द्या, कारण दिलेलं रेकमेंडेशन देणारा माणूस कधीही मागे घेऊ शकतो, आणि तसं झालं तर तुमच्याकडे दुसरी प्रत नसते. पण मागे घेतलेलं असेल तर तो स्क्रीनशॉट कोटेशनला जोडण्याआधी त्यांना एक फोन करून विचारा.